वरून ओतलेलं पाणी

सत्यशीलाला राग लवकर यायचा आणि उशिरा जायचा. नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या ज्या दोन खोल्यांत काकासाहेबांच्या संस्थेचं ऑफिस होतं, तिथल्या चहावाल्यालाही हे ठाऊक होतं. टाईपरायटरचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला की तो चहा बाहेरच ठेवून जायचा. बाई रागीट आहे, असं लोक म्हणत. कशावर रागावली आहे हे विचारायला मात्र कुणी थांबत नसे. बाईमाणसाचा राग म्हणजे हवा, आली तशी जाईल, अशी आपल्याकडे एक सोयीस्कर समजूत आहे.

तिचे वडील स्टेशनवर हमाल होते. रेल्वेच्या चाळीत ती वाढली. छप्पन साली घरानं बौद्ध धर्म घेतला तेव्हा ती दहा वर्षांची होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागली आणि जुने देव वडिलांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले. चाळीला एकच नळ. तिथं मारामाऱ्या व्हायच्या, एकीनं दुसरीची बादली लाथाडायची, पण भांडण असायचं ते आधी कोण आलं यावरून. कोण कुठल्या घरचं यावरून तिथं कुणाची बादली मागं सरकत नसे. पुढं ती औरंगाबादला शिकली, टाईपिंग शिकली, इंग्रजी लिहायला लागली. बहात्तरच्या दुष्काळात काकासाहेबांनी पोरांना सुकडी वाटायला संस्था काढली, तेव्हा त्यांना परदेशी पाहुण्यांशी पत्रव्यवहार करणारं माणूस हवं होतं. ती लागली.

काकासाहेब म्हणजे खादीचा सदरा, हैद्राबादच्या लढ्यात भोगलेला तुरुंग आणि साखरेत घोळलेली जीभ. अंबडकडं त्यांच्या घराण्याची जमीन. दुष्काळात त्यांनी खरोखर धावपळ केली, हे कबूल करायलाच हवं. माणूस लबाड नव्हता. फक्त कुणाला वाईट वाटेल असं काही त्यांच्या तोंडून निघत नसे, आणि वाईट वाटण्याचा हक्क त्यांच्या मते मोठ्या घरांनाच होता. गोड माणसावर रागावणं फार अवघड असतं. सत्यशीलाला ते जमायचं.

सुकडीमागोमाग विहिरी आल्या. हॉलंडातल्या एका मंडळानं काही गावांत विहिरी खोदायला पैसा दिला, आणि दर तिमाहीला अहवाल मागितला. अहवालाचा साचा त्यांनीच पाठवला होता: ठरवलेलं काम, झालेलं काम, किती कुटुंबांना उपयोग, अडचणी, पुढची गरज. शेवटी दोन सह्या, एक संस्थेच्या चिटणीसाची आणि एक गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्याची. चिटणीस काकासाहेब. कार्यकर्ता तातेराव.

तातेराव पन्नाशीचा, धिप्पाड, वडीगोद्रीच्या बाजूचा. सत्यशीलाच्या आईच्या माहेरच्या नात्यात कुठंतरी बसायचा, म्हणून ती त्याला मामा म्हणायची. तो सायकलवर गावं फिरे, आणि जे पाहिलं ते पोस्टकार्डावर, बिडीच्या पुडक्यावर, हाताला लागेल त्या कागदावर लिहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती देई. कंडक्टर ते स्टँडवरच्या हॉटेलात ठेवी, आणि तिथून ते ऑफिसात येई. लिहिणं असं, की माणूस समोर बसून बोलतोय: आधी जयभीम, मग कुणाचा बैल मेला, कुणाच्या पोरीचं जमलं, मग विहीर, मग पुन्हा बैल. पूर्णविराम या माणसाला माहीतच नव्हता.

हे सगळं तिनं चाळणीनं चाळून साच्यात भरायचं. बैल बाजूला, लग्न बाजूला. विहीर किती खोल गेली ते 'झालेलं काम' मध्ये, सुरुंगाची दारू मिळेना ते 'अडचणी' मध्ये. तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या गावागावानं लावायच्या, एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एकदाच धरायची, मग मराठीत कच्चं, मग इंग्रजीत पक्कं. ती हे काम चांगलं करायची आणि तिला त्याचा अभिमान होता. विस्कटलेलं घर झाडून लख्ख करावं तसं तिला वाटायचं. झाडताना आपण काय बाहेर टाकलं याचा विचार तोवर तिनं केला नव्हता.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर वडीगोद्रीहून आतल्या एका गावची विहीर पुरी झाली. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर ते एकच गाव भांडायला येईल, आणि बाकीची गावं मान डोलावून म्हणतील, तरी म्हटलं आमच्यात असलं काही नाही. तिथं दोन विहिरी ठरल्या होत्या: एक गावात आणि दुसरी ओढ्याच्या अलीकडं, बौद्ध वस्तीत. पहिली झाली. तातेरावची चिठ्ठी आली:

"जयभीम. म्या मंगळवारी गेल्तो. पाणी मजबूत लागलंय, रामराव सरपंच खूश हाये, त्याच्या म्हाताऱ्याचा दमा बळावला. आपल्या वस्तीतबी आता पाण्याची अडचण न्हाई, बायांच्या उतरंडी भरलेल्या असत्यात, म्या सोता पाह्यल्या. चांगुणाबाईचं पोरगं साळंत जाऊन राह्यलं."

सत्यशीलानं दमा काढला, शाळा काढली, आणि टाईप केलं: बौद्ध वस्तीसह गावातली सर्व कुटुंबं नव्या विहिरीवरून पाणी भरतात. वाक्य छान झालं. काकासाहेबांनी तर ते दोनदा वाचलं.

जानेवारीत हॉलंडचं पत्र आलं. काकासाहेबांनी ते ऑफिसात उभं राहून वाचून दाखवलं. अभिनंदन होतं. आणि खाली होतं, की एकाच विहिरीनं सर्वांची गरज भागत असल्यामुळं त्या गावातली दुसरी विहीर रद्द करून ती दुसऱ्या गावाला द्यावी असा मंडळाचा विचार आहे; मार्चअखेरचा अहवाल पाहून पक्कं करू.

"वा," काकासाहेब म्हणाले, "एका विहिरीत गाव एक झालं. याहून मोठं काय हवं?"

सत्यशीलानं तातेरावला दोन ओळी कळवल्या, की वस्तीतली विहीर आता बहुधा होणार नाही, गरज उरलेली नाही. चिठ्ठी कंडक्टरच्या हाती गेली. उत्तर चिठ्ठीनं आलं नाही, तातेराव स्वतःच आला. सायकल भिंतीला टेकवली नाही, आडवीच टाकली.

"गरज उरली न्हाई, हे कोन म्हनलं?"

"मामा, बसा आधी."

"बसायला न्हाई आलो. कोन म्हनलं?"

"तुम्हीच लिहिलं होतं. उतरंडी भरलेल्या असतात. स्वतः पाहिल्या."

"भरलेल्या असत्यात. खरं हाये. पन भरतंय कोन?"

"म्हणजे?"

तातेराव तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग क्षणभर उतरला आणि त्याजागी जे आलं ते तिला रागाहून वाईट वाटलं.

"तुला ठावं न्हाई?" तो म्हणाला. "आपल्या बाया घागरी घेऊन लांब बसत्यात. रहाटाला हात लावायचा न्हाई. त्यांच्यातली कुनी बाई आली, तिचं भरून झालं, तिला दया आली, की ती वरून ओतती. न्हाई आली दया, तर बसा दुपारवर. पाणी मिळतं. मिळतंच की. भिकाऱ्यालाबी भाकर मिळती."

"मग हे लिहिलं का नाही?" ती ओरडली. चहावाला दारातनंच परतला.

"कुनाला लिव्हू? काकासायबाला लिव्हायचं असतं तर समदं इस्कटून लिव्हलं असतं. म्या म्हनलं, वाचनार आपली पोरगी. तिला काय सांगायचं? हे काय सांगायची गोष्ट हाये का? जल्मापासून बघत आलो आपन."

"तुम्ही बघत आलात! मी नळावर वाढले, मामा!"

चूक अशी होती, की ती दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती. कुणी ब्राह्मणाचा पोरगा टाईप करायला असता तर तातेरावनं त्याला सगळं फोड करून लिहिलं असतं. आपली म्हणून त्यानं सांगितलं नाही, आणि आपली म्हणून तिनं विचारलं नाही. तिला मामाचा राग आला, स्वतःचा आला, त्या छान वाक्याचा तर असा आला की तळपायाची आग मस्तकाला गेली. भरलेली उतरंड त्यानं पाहिली होती. रहाटावर वस्तीतल्या बाईचा हात कुणीच पाहिला नव्हता. तो तिनं स्वतःच्या मनानं त्या वाक्यात घातला होता.

"दोष कुनाचा ते मंग बघू," तातेराव म्हणाला. "ईर जायला नको. वस्तीतली ईर गेली तर पुन्ना येनार न्हाई. आता कागद नीट कर."

तिनं कागद नीट करायला घेतला. त्या दिवसापासून तिनं चिठ्ठ्या नुसत्या चाळणं सोडलं. प्रत्येक ओळीपुढं खूण करायला लागली: हे पाहिलेलं, हे ऐकलेलं, हे माझं मत. ज्याच्यापुढं कुठलीच खूण बसेना ते अहवालात घेईना, आणि त्याच एसटीनं उलटा प्रश्न धाडी. कुणी ओढलं? कुणाच्या दोरानं? तुम्ही तिथं होता का कुणी सांगितलं? तातेराव आधी चिडला, मग त्याला त्यात गोडी लागली. त्याची पुढची चिठ्ठी आली ती पोस्टकार्डाच्या दोन्ही अंगांनी भरून, पत्त्यालाही जागा उरली नव्हती. वस्तीतल्या एका बाईनं त्याला सांगितलेलं त्यात होतं, आणि त्यातून तिला कळलं, की त्या विहिरीवर कुणी 'येऊ नका' असं कधी म्हणतच नाही. दोर आणि पोहरा रामरावच्या घरचा. सकाळी दोर विहिरीवर येतो आणि दिवस कलताना घरी जातो. वस्तीतल्या बायांनी आपला दोर आणला तर रहाट बाटतो. नाही म्हणायची कुणाला गरजच पडत नाही.

तिनं नवा मसुदा केला. 'किती कुटुंबांना उपयोग' या रकान्याचे दोन भाग पाडले: स्वतःच्या हातानं पाणी ओढणारी कुटुंबं, आणि ज्यांच्या घागरीत दुसऱ्यांनी ओतावं लागतं अशी कुटुंबं. दुसऱ्या भागात सगळी वस्ती. अडचणींमध्ये दोराची हकीकत, 'वस्तीतल्या एका महिलेच्या सांगण्यानुसार'. गेल्या अहवालातलं वाक्य चुकीचं होतं, तेही लिहिलं. पुढची गरज: वस्तीतली विहीर, तिचा रहाट, दोर आणि पोहरा वस्तीच्या ताब्यात.

काकासाहेबांनी मसुदा वाचला, चष्मा काढला, पुसला.

"सत्यशीलाबाई, ही आपली घरची लक्तरं. ती परक्यांच्या वेशीवर कशाला टांगायची?"

"ती टांगलेलीच आहेत, काकासाहेब. विहिरीवर."

"पाणी मिळतंय ना पण? कुणी तहानलेलं तर नाही? हळूहळू बदलेल. असं कागदावर आणलं की उलट गाव बिथरतं." मग आवाज आणखी मऊ करून, "ही महिला कोण?"

"नाव अहवालात नसतं."

"मला तर कळलं पाहिजे."

"तुम्हाला कळलं की रामरावांना कळेल," ती म्हणाली. काकासाहेबांना ते लागलं, कारण ते खरं होतं.

"तातेराव भावनेच्या भरात लिहितो. बिडीच्या कागदावरच्या चार ओळींवर मी एका गावावर ठपका ठेवणार नाही," ते म्हणाले. "मी स्वतः जाऊन पाहतो."

पाहायला हरकत नव्हतीच. तिचा तर आग्रहच होता. पण काकासाहेबांनी रामरावला आधी निरोप धाडला, अमुक दिवशी येतो म्हणून. पाहुणा सांगून आला की घर सारवलेलंच असतं. सत्यशीलाला निरोपाचं जीपमध्ये बसल्यावर कळलं.

विहिरीभोवती सडा होता. रहाटाला हार होता. गाव जमलं होतं, आणि रामराव, पांढरंशुभ्र धोतर नेसून, काकासाहेबांच्या पाया पडला. एका बाजूला वस्तीतल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांना बोलावून आणलं होतं. पुढं चांगुणाबाई, काटकुळी, कपाळावर आठी. तातेराव तिच्याजवळ उभा.

"या की बायांनो, भरा," रामराव मोठ्यानं म्हणाला. "कोन अडवलंय तुमाला? सायेबाला वाटून राह्यलं आमी पाणी देत न्हाई."

काकासाहेबांनी गळ्यातला कॅमेरा सावरला. अहवालासोबत फोटो गेला की हॉलंडची मंडळी खूश व्हायची. "घ्या मावशी," ते प्रेमानं म्हणाले. "तो दोर घ्या हातात. ओढा. इकडं बघा."

चांगुणाबाई दोराकडं बघत होती. ओढ, असं सत्यशीलाला वाटलं. एकदा तरी ओढ, सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून. आणि लगेच तिला तो फोटो दिसला, अहवालाला टाचलेला.

"फोटू काढनार का?" चांगुणाबाईनं विचारलं.

"हो हो. छान येईल."

"मंग न्हाई ओढत."

काकासाहेब हसले, समजूत घालावी तसे. "अहो का पण?"

"आज म्या ओढलं की ते कागदावर रोजचं होईल. फोटूतली बाई रोज पाणी ओढती, आसं दिसंल. आन् उद्या? उद्या तुमी जालन्यात, म्या हितं, आन् दोर रामरावाच्या घरात."

"दोर माझ्या घरचाच हाये," रामराव तडकला. "संस्थेनं ईर दिली, दोर दिला का?"

चांगुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. गर्दीत उषाबाई उभी होती, गावातली, डोक्यावर पदर ओढलेली. तिच्याकडं वळून ती म्हणाली, "उषाबाई, तूच सांग. काल आमच्या घागरीत कोनी ओतलं?"

उषाबाई खाली बघत राहिली. मग म्हणाली, "म्या."

"आन् परवा?"

"म्याच." मग एकदम तिचा आवाज चढला. "मला काय हौस हाये का? घरचं भरून पुन्ना तुमचं भरायचं. मान मोडली माझी. ओढू द्या की त्यांचं त्यांना!"

तिचा नवरा पुढं झाला आणि तिला दंडाला धरून मागं नेलं. रामरावनं हार नीट केल्यासारखं केलं. चांगुणाबाईनं घागर काखेला मारली, वळली, आणि ओढ्याकडं निघाली, जिथं वाळूत झिरा होता आणि वाटी वाटीनं पाणी भरावं लागायचं. तिच्यामागं बाकीच्या गेल्या. घागरी रिकाम्या होत्या. काकासाहेबांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं.

रोहिलागड फाटा मागं पडल्यावर जीपमध्ये काकासाहेब म्हणाले, "असं लिहा, विहीर सर्वांना खुली असल्याचं सरपंचांनी सांगितलं."

"लिहिते. सरपंचांनी सांगितलं, ते सांगितलेल्यात लिहिते. आणि आपण पाहिलं ते पाहिलेल्यात."

"मी त्यावर सही करणार नाही."

तिनं अहवाल तसाच टाईप केला: भेटीच्या दिवशी वस्तीतल्या महिलांना पाणी ओढायला सांगण्यात आलं, त्यांनी नकार दिला, कारण, दुसऱ्या दिवशी ओढू दिलं जाणार नाही असं त्यांचं म्हणणं, दोर खाजगी मालकीचा, गावातल्या एका महिलेनं, वस्तीचं पाणी आपण ओततो, असं सर्वांसमोर सांगितलं. तिखटमीठ नाही, हळहळ नाही. एवढा राग अंगात असताना इतकं कोरडं लिहिण्याएवढं जड तिला आयुष्यात काही गेलं नव्हतं. रागाचा एक शब्द घातला असता तर काकासाहेबांनी तोच शब्द धरून सगळा कागद बाद केला असता, हे तिला कळत होतं.

काकासाहेबांनी सही केली नाही. त्यांनी सरकारी कचेरीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून दुसराच अहवाल टाईप करून आणला. त्यात गाव एक होतं आणि सडा होता. त्याला तातेरावची सही हवी होती. तातेरावला बोलावलं.

त्यानं कागद सत्यशीलाकडून मराठीत समजून घेतला आणि टेबलावर ठेवला. "ह्याच्यावर माझी सही बसत न्हाई."

"तातेराव, संस्थेचं मीठ खाताय तुम्ही."

"मीठ खाल्लं म्हनून डोळे दिले न्हाईत, काकासायेब."

मग त्या गोड माणसानं शेवटचं अस्त्र काढलं. अहवाल वेळेत गेला नाही, तर मंडळ सगळाच पैसा थांबवेल. सुकडी थांबेल. पोरं उपाशी राहतील. "त्याचं पाप तुमच्या दोघांच्या डोक्यावर."

सत्यशीला उठून उभी राहिली. "पोरांना मध्ये आणू नका," ती म्हणाली. "त्या वस्तीत पोरं नाहीत? त्यांची आई दुपारपर्यंत घागर घेऊन बसते, हे पाप कुणाच्या डोक्यावर? आणि तुम्ही होता की तिथं! कॅमेरा तुमच्याच गळ्यात होता. चांगुणाबाई नाही ओढत म्हणाली, मग सड्याचा काढायचा होता फोटो, हाराचा काढायचा होता. का नाही काढला?"

काकासाहेब एकाएकी थकल्यासारखे दिसले. खोटं लिहवून घेणं त्यांना जमत होतं. पण त्या विहिरीवर कॅमेऱ्याला झाकण त्यांनीच लावलं होतं, आणि का लावलं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सत्यशीलाचा अहवाल ओढला, सही केली, इतक्या जोरानं की खालच्या टीपकागदावर उमटली, आणि पेन टाकून बाहेर गेले. पुढं महिनाभर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिनंही तेवढंच.

वस्तीतली विहीर झाली. मंजुरीच्या पत्रात हॉलंडच्या मंडळानं दोर, पोहरा आणि रहाटसुद्धा मंजूर केला होता, आणि पुढच्या सगळ्या गावांसाठी साच्यात एक नवा रकाना घातला होता: पाणी कोण ओढतं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला तातेरावची चिठ्ठी आली.

"जयभीम. ईर झाली. पहिला पोहरा चांगुणाबाईनं ओढला, म्या तिथंच व्हतो, पाह्यलेलं हाये. दोराची सवय न्हाई, तिच्या हाताला फोड आले, पन दाखवंना कुनाला. दुसऱ्या दिवशी पुन्ना आली. फोटू काढायला कुनी नव्हतं. गावातल्या इरीवर आमच्या बाया अजून दोराला हात लावू शकत न्हाईत, तिथं तसंच चालून राह्यलं. तुला ठावं आसंल, तरी लिव्हून राह्यलो."

सत्यशीलानं खुणा केल्या. नवी विहीर: स्वतःच्या हातानं, सगळी वस्ती. आता रकाने भरले होते, कुणाचीच घागर रिकामी नव्हती. काकासाहेब टेबलाशी आले, वरून वाचलं, आणि बऱ्याच दिवसांनी हसले. "चला. तो विषय संपला. आता जुन्या विहिरीचं कशाला काढायचं? प्रत्येकाला पाणी आहे."

तिनं कागद पुन्हा मशीनमध्ये चढवला आणि अडचणींखाली टाईप केलं: गावातली पहिली विहीर, वस्तीला बंदी, बदल नाही.

पुढच्या तिमाहीला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. तातेराव दर खेपेला गावच्या विहिरीवर जाऊन उभा राहायचा, दोर कुठून येतो आणि कुठं जातो ते बघायचा, आणि लिहून पाठवायचा. काकासाहेब प्रत्येक वेळी त्या ओळीवर बोट ठेवत, सुस्कारा सोडत आणि सही करत. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही.

"सत्यशीलाबाई, ही ओळ किती वर्षं लिहिणार?"

टाईपरायटर थांबला नाही. "बदल होईल त्या तिमाहीला खोडेन," ती म्हणाली, आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढं सरकवला.